बीपी आणि हिमोग्लोबिनच्या शिबिराचं पोस्टर: ‘उपाशी या, गोळी घेऊ नका’ ही वाक्यं काढून टाका

गावोगावच्या ग्रुपवर असा एक मेसेज फिरतो: ‘ग्रामपंचायत आणि तरुण मंडळांसाठी आरोग्य शिबिराचा तयार मजकूर, फक्त तारीख टाका आणि छापा: सर्वांनी सकाळी उपाशीपोटी यावे. बीपीची गोळी त्या दिवशी घेऊ नये, म्हणजे खरे बीपी कळेल. चक्कर, थकवा, डोकेदुखी असणाऱ्यांनी अवश्य यावे. रक्त कमी असणाऱ्यांना हाय बीपी नसते, त्यांनी फक्त हिमोग्लोबिन तपासावे. रोज बीट, डाळिंब, गूळ खा, गोळ्यांची गरज पडणार नाही.’

उपाशीपोटी

ही अट साखर तपासणीच्या शिबिरातून उचललेली आहे. तिथे एका विशिष्ट चाचणीसाठी रात्रभर पोट रिकामं लागतं. हिमोग्लोबिनला ते लागत नाही आणि बीपीलाही नाही. अट निरुपयोगी असती तरी एक वेळ सोडून देता आलं असतं, पण शिबिरात तिचा त्रास होतो.

शिबिर दहाला सुरू होणार असं छापलेलं असतं. टेबलं लागून, डॉक्टर येऊन, नोंदवही उघडेपर्यंत अकरा वाजतात. वस्तीवरून चालत आलेली बाई रात्रीच्या जेवणानंतर काही खाल्लेलं नसताना रांगेत उभी राहते. ‘उपाशी’ म्हणजे पाणीही नको असं समजून बऱ्याच जणी पाणीसुद्धा पीत नाहीत. अशा बाईची बोटं थंडगार पडलेली असतात. टोचल्यावर थेंब नीट येत नाही, मग तपासणारा बोट दाबून दाबून रक्त काढतो. दाबल्यावर रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणीही थेंबात उतरतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. उलट अंगातलं पाणीच फार कमी झालं असेल, तर रक्त घट्ट होऊन आकडा किंचित जास्तही दिसू शकतो. म्हणजे चूक कोणत्या बाजूला झाली हेही सांगता येत नाही. त्यात ती गरोदर असेल तर भोवळ येण्याची भीती. ती मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी आली असेल, तर साखर उतरून जास्तच पंचाईत.

बोट टोचण्याची योग्य रीत साधी आहे. हात कोमट करायचा, मधलं किंवा अंगठीचं बोट घ्यायचं, टोकाच्या जरा बाजूला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचा आपोआप आलेला थेंब घ्यायचा. प्रत्येकासाठी नवी सुई. नाश्ता करून, पाणी पिऊन आलेल्या माणसाकडून असा थेंब सहज मिळतो.

बीपीसाठी पोस्टरवर एक अट खरंच हवी, आणि नेमकी तीच या मजकुरात नाही. तपासणीआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मशेरी, बिडी नको. लघवीला जाऊन या, हेही सांगायला हवं. लघवी तुंबलेली असेल तर वरचा आकडा दहाच्या आसपास चढू शकतो. पट्टा बांधलेला असताना बोलत राहिलं तरी तेवढाच. हात टेबलावर न टेकता खाली लोंबत असला किंवा पट्टा बाहीवरूनच गुंडाळला, तरी आकडा बिघडतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर तो हमखास जास्त येतो.

समजा, एखादी बाई चालत आली, रांगेतून थेट खुर्चीवर बसली आणि शेजारणीशी बोलता बोलताच पट्टा फुगवला. आकडा आला १५२/९४. कार्डावर ‘बीपी’ असं लिहून ती घरी गेली, तर उद्यापासून ती आजारी. तिलाच लघवीला जाऊन यायला सांगा, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा, दंड उघडा करून हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवा. मग एकदा मोजा, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. १३४/८४ आणि १३२/८२ असे आकडे येणं अजिबात अशक्य नाही, आणि कार्डावर तेच जायला हवेत. असं करूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तरी एका दिवसाच्या मोजणीवर बीपीचा आजार ठरवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

गोळी त्या दिवशी बंद

या मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. गोळी चालू असलेल्या माणसाचं बीपी शिबिरात कशासाठी मोजायचं? गोळीने ते ताब्यात आलंय का, हे कळण्यासाठी. गोळी चुकवून मोजलं तर नेमकं तेच कळत नाही.

आणि ज्या ‘खऱ्या’ आकड्यासाठी हा खटाटोप, तोही एका दिवसात मिळत नाही. आपल्याकडे बीपीसाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन अंगात फार सावकाश कमी होते. निम्मी उतरायलाच तीस ते पन्नास तास लागतात. सकाळची एक गोळी सोडून दुपारी मोजलेला आकडा ना धड गोळीचा, ना बिनगोळीचा. अ‍ॅटेनोलॉल, क्लोनिडिन यांसारख्या काही गोळ्यांचं तर उलटंच असतं. त्या अचानक थांबवल्या तर बीपी किंवा नाडी एकदम उसळू शकते. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला हे झेपत नाही.

शिवाय एक दिवस गोळी चुकली आणि काही झालं नाही, असं दिसलं की माणूस दुसऱ्या दिवशीही चुकवतो. गोळी सोडायला गावात कारणं कमी नाहीत, त्यात पोस्टरने भर घालू नये. पोस्टरवर असं हवं: ‘नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.’ पाकीट समोर असलं की डॉक्टरांना नाव, ताकद आणि कितव्या दिवसाची गोळी शिल्लक आहे हे सगळं दिसतं. ‘पांढरी, बारकी गोळी आहे’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

त्रास असणाऱ्यांनी यावे

या वाक्यामुळे बहुतेक माणसं घरीच बसतात. वाढलेलं बीपी दुखत नाही. वर्षानुवर्षं १६० असलेला माणूस ट्रॅक्टर चालवतो, कुस्तीच्या फडाला जातो, आणि ‘मला कुठं काय होतंय’ म्हणतो. रक्त हळूहळू कमी झालं की शरीर त्याला सरावतं. बाई थकलेली असते, पण तो थकवा तिला आजार वाटत नाही, कामाचा वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढ्या सगळ्या जणींना चक्कर येत असती तर शिबिराची गरजच पडली नसती. त्याच पाहणीत पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.९ टक्के आहे, म्हणजे पाचात एकाहून जास्त. तरी हिमोग्लोबिनच्या टेबलापुढे पुरुष दिसत नाहीत, कारण पोस्टरवर चित्र बाईचं असतं.

म्हणून त्रास विचारू नका, वय सांगा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने बीपी तपासावं. हिमोग्लोबिनसाठी किशोरवयीन मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना नाव घेऊन बोलवा आणि पुरुषांनाही बोलवा. ‘नाव घेऊन’ म्हणजे गटाचं नाव. कोणाचं रक्त किती कमी आहे हे भोंग्यावरून किंवा टेबलावरून मोठ्याने सांगायचं नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीचा आकडा गावभर झाला, तर पुढच्या शिबिराला तिच्या मैत्रिणीसुद्धा येणार नाहीत.

रक्त कमी म्हणजे बीपी कमी

हा समज फार जुना आणि फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर. हिमोग्लोबिन सांगतं की ठरावीक मापाच्या रक्तात प्राणवायू वाहणारा पदार्थ किती आहे. बीपी सांगतं की रक्त नळ्यांच्या भिंतींवर किती दाब टाकतंय. पाणी पातळ असलं म्हणून मोटारीचा दाब कमी होत नाही, तसंच इथे. एकाच माणसात हिमोग्लोबिन ८ आणि बीपी १६०/१०० असू शकतं, आणि अशा माणसाला तर अजिबात परत पाठवू नये. मूत्रपिंड बिघडायला लागलं की नेमकं हेच होतं: रक्त घटतं आणि बीपी चढतं. हिमोग्लोबिनच्या टेबलावरून ‘तुमचं रक्तच कमी आहे, बीपीची गरज नाही’ म्हणून त्याला घरी धाडलं, तर हातात आलेला धागा सुटला.

गरोदरपणात तर दोन्ही हवेतच. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० च्या वर, सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, हे दवाखान्यात तातडीने नेण्याचं लक्षण आहे, मग तिचं हिमोग्लोबिन काहीही असो. आणि गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर बीपी चांगलं आलं तरी तिला त्याच दिवशी पुढे पाठवायचं.

बीट, डाळिंब, गूळ

बीटाचा लाल रंग लोहाचा नाही. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही, डाळिंबात त्याहून कमी, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. गरोदर बाईला रोज दिल्या जाणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. पालेभाजी, कडधान्यं, बाजरी, नाचणी, त्यावर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नको, हे चांगलंच आहे. पण हिमोग्लोबिन ८ वर आल्यावर नुसत्या ताटाने ते भरून निघत नाही.

तरीही पोस्टरवर ‘लोहाच्या गोळ्या घ्या’ असंही लिहू नये. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो, आणि तिथे तपासणी न करता गोळी चालू करणं बरोबर नाही. उपचार पोस्टरवर नकोतच. तपासणीनंतर कुठे जायचं, एवढं सांगावं.

मग छापायचं काय? मी असं लिहीन:

मोफत बीपी आणि हिमोग्लोबिन तपासणी
वार, तारीख, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७, जिल्हा परिषद शाळा
त्रास नसला तरी या. ३० वर्षांवरील सर्वांनी बीपी तपासा. मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, तसेच पुरुष: सर्वांनी हिमोग्लोबिन तपासा. दोन्ही तपासण्या होतील.
नाश्ता करून, पाणी पिऊन या. नेहमीची गोळी घ्या, पाकीट सोबत आणा.
तपासणीआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी, बिडी नको.
तुमचा आकडा फक्त तुम्हालाच सांगितला जाईल. पुढची तपासणी व औषध: उपकेंद्र, दर … वारी.

वेळ दोन टप्प्यांत मुद्दाम ठेवली आहे. खुरपणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत अकराला शिबिर लावलं तर बायका रानात असतात.

रिक्षावरच्या भोंग्यासाठी हेच सगळं वाचू नका, रिक्षा पुढे जाते आणि ऐकणाऱ्याच्या हाती अर्धंच वाक्य लागतं. तीन तुकडे पुरेत, प्रत्येक दोनदा: ‘उद्या बुधवारी शाळेत बीपी आणि रक्ताची तपासणी, सकाळी आठपासून. खाऊन-पिऊन या, नेहमीची गोळी चुकवू नका. त्रास नसला तरी या.’