घराच्या व्यवहारात "दोन लाखांपर्यंत कॅश चालते" हे खरं नाही

"इसार दीड लाख रोख दे, दोन लाखांच्या आत आहे, काही होत नाही." एजंट हे सांगतात, नातेवाईक सांगतात, कधीकधी कागद तयार करणारेही सांगतात. करसल्ल्याचं काम करताना हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की आज सविस्तर लिहायचं ठरवलं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारासाठी ही मर्यादा चुकीची आहे आणि या एका गैरसमजापायी लोकांचं लाखोंचं नुकसान होतं.

दोन लाखांची मर्यादा कायद्यात आहे, पण ती इतर रोख व्यवहारांसाठी. आयकर कायद्याचं २६९एसटी हे कलम २०१७ मध्ये आलं, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नये असं ते सांगतं. घर-जमिनीसाठी मात्र २६९एसएस हे वेगळं कलम आहे. १ जून २०१५ पासून मालमत्तेच्या हस्तांतरणापोटी आगाऊ किंवा इतर कारणाने घेतलेली रक्कमही त्यात आली. तिथली मर्यादा २०,००० रुपये. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम अकाउंट पेयी चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेतून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घ्यायची. पुढे व्यवहार होवो न होवो, नियम लागू राहतो. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी सगळ्यांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांक वापरतोय.)

यावर लगेच पळवाट सुचवली जाते: एकोणीस-एकोणीस हजारांचे तुकडे करू. कलम लिहिणाऱ्यांनी ते आधीच बंद केलंय. त्याच माणसाकडून आधी घेतलेली आणि अजून परत न केलेली रक्कम नव्या रकमेत मिळवून वीस हजारांची मर्यादा मोजली जाते.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. विकणाऱ्याला वाटतं, कॅशची काळजी घर घेणाऱ्याने करावी, पैसे कुठून आणले ते त्याला विचारतील. प्रत्यक्षात २६९एसएसचा दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर बसतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असतो. पाच लाख घेतले तर पाच लाख. हा दंड कराव्यतिरिक्त आहे. वाजवी कारण सिद्ध केलं तर सुटका होऊ शकते, पण "घेणाऱ्यानेच कॅश आणली" हे कारण मांडून सुटू अशा भरवशावर कुणी राहू नये. आणि व्यवहार फिसकटल्यावर तोच इसार वीस हजार किंवा जास्त असताना रोखीत परत केला, तर २६९टी खाली परत करणाऱ्यालाही तेवढाच दंड. घेतानाही विकणारा, परत देतानाही विकणारा.

आता एक व्यवहार आकड्यांत मांडतो. माझ्याकडे आलेल्यासारखाच, तपशील बदललेत. पुण्यातला जुना फ्लॅट, ठरलेली किंमत ६० लाख. रेडी रेकनर म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे मूल्य ४८ लाख. विकणाऱ्या जोडप्याची अट: ४५ लाख करारात, १५ लाख कॅश. घेणारा नोकरदार, गृहकर्ज काढणार.

घेणाऱ्याला दाखवलं जाणारं आमिष म्हणजे मुद्रांक शुल्काची बचत. शुल्क करारातली किंमत आणि रेकनर यांपैकी जास्त असेल त्यावर लागतं, म्हणजे इथे ४८ लाखांवर. वाचतं फक्त उरलेल्या १२ लाखांवरचं. पुण्यात सात टक्के धरले तर ८४ हजार. नोंदणी फी तीस हजारांना थांबते, त्यामुळे तिथे काहीच वाचत नाही.

या ८४ हजारांसाठी काय गेलं ते पाहा. बँक कर्ज देताना करारातली किंमत पाहते. या टप्प्यातल्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असते. पूर्ण ६० लाखांचा करार असता तर ४८ लाखांपर्यंत कर्ज मिळालं असतं आणि खिशातून १२ लाख लागले असते. ४५ लाखांच्या करारावर कर्ज मिळणार ३६ लाख. खिशातून ९ लाख आणि वर १५ लाख रोख, एकूण २४ लाख. हे जास्तीचे बारा लाख नोकरदार माणूस पर्सनल लोन काढून, सोनं गहाण ठेवून किंवा पीएफ मोडून उभे करतो. त्या व्याजातच ८४ हजार लवकर संपतात.

मग काही वर्षांनी तो हे घर ८० लाखांना विकतो. कागदावर त्याची खरेदी ४५ लाखांची. खरा नफा वीस लाख असताना भांडवली नफा पस्तीस लाख धरला जातो. मुद्रांक शुल्क वगैरे बाजूला ठेवू. त्या जास्तीच्या पंधरा लाखांवर साडेबारा टक्के कर आणि वर उपकर, म्हणजे १ लाख ९५ हजार. विकणाऱ्याने लपवलेल्या नफ्याचा कर घेणाऱ्याच्या बोकांडी बसला, इतकंच झालं.

आणि विकणाऱ्याने तरी काय मिळवलं? मला सगळ्यात जास्त वाईट इथेच वाटतं. हे जोडपं जुना फ्लॅट विकून मुलांसाठी मोठं घर घेणार होतं, साधारण ८५ लाखांचं. जुना फ्लॅट २८ लाखांना घेतलेला, दोन वर्षांपेक्षा खूप आधी. म्हणजे नफा ३२ लाख. कलम ५४ सांगतं की राहतं घर विकून झालेला दीर्घकालीन नफा नव्या घरात गुंतवला तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत घ्यायचं, बांधणार असाल तर तीन वर्षं. सगळे ६० लाख बँकेतून घेतले असते तरी त्यांचा कर शून्य होता. पंधरा लाख रोख घेऊनही शून्यच. जो कर लागणारच नव्हता तो वाचवायला त्यांनी पंधरा लाखांच्या दंडाचा धोका ओढवून घेतला. त्यात नव्या घराच्या बिल्डरने सगळे हप्ते बँकेतूनच मागितले, त्यामुळे ती कॅश घरातच पडून राहिली. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते, हे त्यांना कॅश घेतल्यानंतर समजलं.

म्हणून विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, कॅश मागण्याआधी एकदा आपला भांडवली नफा काढून घ्या. कर किती बसतोय हे न मोजताच "थोडं ब्लॅकमध्ये घेऊ" म्हणणारे मी फार पाहिलेत.

व्यवहार मोडला तर रोख देणाऱ्याची अवस्था सगळ्यात वाईट. समजा पाच लाख कॅश इसार दिला, नंतर बँकेच्या वकिलाने टायटलमध्ये खोट काढली. विकणारा म्हणतो, मला दोनच लाख मिळाले. पावती असली तर ठीक, पण बहुतेक वेळा ती नसते किंवा तिच्यावर कमी आकडा असतो. कोर्टात जाऊन "मी रोख दिले" म्हणायचं तर आता ते वाक्यच आयकर खात्यापर्यंत पोचतं. बंगळुरूच्या एका शैक्षणिक संस्थेच्या जमिनीवर ७५ लाख रोख दिल्याचा दावा काही लोकांनी केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निर्देश दिले: दाव्यात दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं म्हटलं असेल तर कोर्टाने आयकर खात्याला कळवायचं, आणि नोंदणीला आलेल्या दस्तात तसा उल्लेख असेल तर दुय्यम निबंधकानेही कळवायचं. हेच पाच लाख आरटीजीएसने गेले असते तर बँकेने त्या व्यवहाराला दिलेला यूटीआर नंबर आणि खातेउतारा पुरे होता. किती दिले यावर वादच झाला नसता.

बँकेतून पैसे म्हणजे सगळं सुरक्षित, असंही मात्र समजू नका. विकणाऱ्याने पुढच्या तारखांचे चेक घेऊन खरेदीखतावर सही केली आणि चेक परत आले, तर केवळ पैसे आले नाहीत म्हणून नोंदलेलं खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. मालकी गेलेली असते आणि हातात वसुलीचा दावा उरतो. म्हणून शेवटची रक्कम दस्ताच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने घ्या किंवा आरटीजीएस खात्यात जमा झालेला पाहूनच निबंधकासमोर अंगठा ठेवा. चावी त्यानंतर.

घेणाऱ्यानेही पैसे ज्यांची नावं मालकीच्या कागदावर आहेत त्यांच्याच खात्यात टाकावेत. नवरा-बायको दोघं मालक असतील तर दोघांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे. "भावाच्या खात्यात टाका" म्हटलं तर नाही म्हणा. घरावर आधीचं कर्ज असेल तर त्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर मागवा आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा. इसारापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत प्रत्येक रक्कम साठेखतात चेक किंवा यूटीआर नंबर, तारीख आणि बँकेच्या नावासह लिहून घ्या.

टीडीएसवरून शेवटच्या दिवशी नेहमी तणातणी होते. किंमत किंवा रेकनरमूल्य पन्नास लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो. वरच्या उदाहरणात ६० लाखांचा करार झाला असता तर विकणाऱ्याच्या खात्यात ५९ लाख ४० हजार आले असते. उरलेले साठ हजार बुडत नाहीत. ते त्याच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरल्यावर करात वळते होतात. कर शून्य असेल तर परत मिळतात. हे साठेखतातच लिहा, म्हणजे "साठ हजार कमी का आले" म्हणून सही अडत नाही.

गावाकडच्या मित्रांसाठी एक अपवाद सांगतो, कारण तो अर्धवट ऐकून वापरला जातो. पैसे देणारा आणि पैसे घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं असेल आणि दोघांपैकी कुणाचंही करपात्र उत्पन्न नसेल, तरच वीस हजारांचा नियम लागू होत नाही. शेत विकणारा शेतकरी आहे पण शेत घेणारा शहरात पगार घेतो आणि कर भरतो, तर हा अपवाद मिळत नाही आणि दंड त्या शेतकऱ्याला बसतो. शेतजमिनीच्या व्यवहारात मी सध्या सगळ्यात जास्त हीच चूक पाहतोय.