कुत्र्याला रम पाजणाऱ्यांसाठी

"थंडी आली, कुत्र्याचे लाड बंद करा! मुधोळी कुत्रं मिलिटरीत जातं, त्याला कसली थंडी? रोज पहाटे पाचला फिरवा, अंग कणखर होतं. स्वेटर घालू नका, केस गळतात. अंथरूण नको, गोणपाट पुरे. आठवड्यातून दोनदा कापूर घातलेलं तेल चोळा. तरी कुडकुडलं तर दुधातून दोन चमचे रम द्या, लगेच गरम होतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आमच्या भावकीच्या ग्रुपवर हे तीनदा येऊन गेलं. दोनदा मी गप्प बसलो. तिसऱ्यांदा ते खानापूरकडच्या आमच्या आत्यानं वाचलं, नुसतं वाचलं नाही तर करूनही बघितलं. म्हणून शेवटच्या सल्ल्यापासून, रमपासूनच सुरुवात करतो.

आत्याकडं अडीच महिन्यांची मुधोळी पिल्ली आहे, चंद्री. वजन पाच किलो, अंगावर मांस कमी, कातडीवर मखमलीएवढे केस. रात्री साडेनवाला पिल्लू कुडकुडतंय म्हणून आत्यानं वाटीभर दुधात दोन चमचे रम घातली. दहाला मला फोन. आवाजात कौतुक, "बघ, कुडकुडणं थांबलं. कान बी गरम लागतात. गप झोपलंय की!"

मी विचारलं, चमचा कुठला? कारण मेसेजवाल्यानं ते लिहिलेलंच नाही. चहाचा चमचा पाच मिलीचा आणि आमटी वाढायचा त्याच्या तिप्पट. आत्याचा दुसरा होता. म्हणजे 30 मिली, आपल्याकडचा एक स्मॉल पेग. आता वजनाचा हिशोब लावा. पाच किलोच्या जिवाला 30 मिली म्हणजे साठ किलोच्या माणसाला 360 मिली, दोन पुऱ्या क्वार्टर एका घोटात. चहाचा चमचा धरला तरी चार पेग होतात. माणसाच्या पोराला कुणी पाजेल का हे?

आणि "गरम होतं" हे दिसतं तसं का, तेही ऐका. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटातलं ऊबदार रक्त बाहेरच्या बाजूला येतं. म्हणून कान हाताला गरम लागतात. ती ऊब अंगात आलेली नसते, अंगातून निघून चाललेली असते. कुडकुडणं म्हणजे शरीरानं पेटवलेली चूल. स्नायू थरथरतात तेव्हा उष्णता तयार होते. दारूनं ती चूलच विझते. त्यात लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा मुळात थोडा, आणि दारू नवी साखर तयार होऊ देत नाही. गार पडलेलं, गुंगीत गेलेलं, साखर उतरलेलं पिल्लू बाहेरून मात्र गप्प झोपल्यासारखं दिसतं. जनावरांच्या डॉक्टरांच्या टेबलावर असणारं मर्क व्हेटरनरी मॅन्युअल उघडा. दारूच्या विषबाधेच्या परिणामांत अंगाचं तापमान उतरणं स्पष्ट लिहिलंय. थंडीवर औषध म्हणून जे पाजताय, त्याचा परिणामच थंडी आहे.

चंद्रीला हाक मारली तर मान उचलेना. उभी केली तर मागचे पाय फाकून पडायची. घरातल्याच डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून तो गुदद्वारात इंचभर घालायला सांगितला. 97.6 फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं, म्हणजे माणसाला ताप वाटावा एवढं. 99च्या खाली गेलं की घरगुती उपाय संपले. नात्यातल्या एका पोरानं तालुक्याच्या डॉक्टरांना उठवलं. ते पोचेपर्यंत फोनवर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. चुलीजवळ ठेवू नका, गुंगीतल्या जिवाला चटका कळत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून छाती-पोटाशी लावा, पाय चोळत बसू नका. आणि साखरेचं पाणी बोटानं हिरड्यांना लावा, तोंडात ओतू नका, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. डॉक्टरांनी आल्यावर ग्लुकोजची सलाईन कोमट करून लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्री जेवली. आत्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, पण ते असो.

कापराचं थोडक्यात. कापूर कातडीतून शिरतो, वर कुत्रं अंग चाटतं म्हणजे पोटातही जातो, आणि त्यानं झटके येऊ शकतात. नुसतं खोबरेल लावलंत तर विष नाही, पण तेलकट केस चिकटून बसतात आणि त्यांच्यात राहणारी थोडी हवाही जाते. आखूड केसांच्या कुत्र्याकडं ऊब धरायला तेवढंच असतं.

आता मिलिटरी. 2016 साली मुधोळची पिल्लं मेरठला सैन्याच्या केंद्रात गेली हे खरं. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं कुत्रं, अभिमान मलाही आहे. पण ते घडलंय कोरड्या, तापलेल्या माळावर सशामागं पळायला. अंगावर चरबी नाही, केसांखाली लोकरीचा दुसरा थर नाही, आणि लांब पाय, पातळ कान, चपटी कूस यांतून उष्णता भराभर निघून जाते. उन्हाळ्यात हाच गुण, जानेवारीत हाच दोष. सैन्यातल्या कुत्र्याला केनेल असतं, डॉक्टर असतो, वजनावर लक्ष असतं. फरशीवर गोणपाट टाकून कुणी तिथं झोपवत नाही.

फिरवण्याबद्दल एक मान्य करतो, नाइलाजानं का होईना. धडधाकट, मोठं, चालतं कुत्रं आपल्या 13-14 अंशांच्या थंडीनं मरत नाही. चालताना अंग आपोआप तापतं. पण पाच वाजताच का? जानेवारीत बेळगावला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि रात्रभर जमीन गार होत जाते ती उन्हं येईपर्यंत. म्हणजे सर्वांत गार वेळ पहाटेपासून सूर्योदयापर्यंतची. तुम्ही नेमकी तीच निवडता. त्यात खानापूरकडं दव असं पडतं की शेताच्या बांधावरून दहा मिनिटं चाललात तर पँट गुडघ्यापर्यंत भिजते. चंद्रीचं पोट त्या उंचीवरच आहे. पोटावर केस जवळजवळ नाहीतच, आणि ओलं अंग कोरड्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं गार होतं.

वर गळीत हंगाम. पाचला रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, टेललाइट नाही, आत टेप फुल्ल. धुक्यात काळं कुत्रं कुणाला दिसणार? थंडी राहू दे बाजूला.

आत्याची अडचण वेगळी होती. काका सहाला डेअरीत दूध घालायला जातात, पिल्लू मागं लागतं. मग असं ठरलं. सहाला अंगणात दोन मिनिटं, मुतून झालं की परत आत. फिरणं साडेसातनंतर, उन्हाच्या बाजूनं, डांबरी किंवा मातीच्या कोरड्या वाटेनं. आल्यावर पोट, काखा आणि बोटांच्या मधल्या फटी फडक्यानं पुसायच्या. मधेच पाय आळीपाळीनं उचलू लागलं, शेपूट पोटाखाली घातली किंवा घराकडं ओढू लागलं, तर ते माज करत नाही, गारठलंय. तिथूनच वळायचं. कुडकुडणारं कुत्रं एकदम थांबून मलूल झालं, तर ते बरं झालं असं समजू नका. चंद्रीचं काय झालं ते वर लिहिलंय.

गोणपाटावर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण रात्रीचे नऊ-दहा तास कुत्रं तिथं असतं. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढते. तागाचं एक पोतं मधे असून नसून सारखं, आणि खताचं प्लॅस्टिकचं असेल तर खाली घाम साचून ते ओलंच होतं. मुधोळीसारख्या हाडकुळ्या कुत्र्याला आणखी एक त्रास. कठीण जागी बसून कोपरांवर घट्टे पडतात, पुढं तिथं पाण्याची गाठ धरते. मऊपणा हा लाड नव्हे.

आत्याच्या पडवीत आम्ही चार विटांवर जुन्या दाराची फळी टाकली आणि त्यावर फळांचं लाकडी खोकं आडवं ठेवलं. कुत्रं उभं राहून वळेल एवढंच मोठं, कारण जास्त मोकळी जागा त्याच्या अंगाला तापवता येत नाही. तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. आत वीतभर भाताचं कोरडं पिंजर. पिंजरात कुत्रं स्वतः उकरून खड्डा करतं, त्यात गोल होऊन बसतं, आणि काड्यांच्या मधली हवा ऊब धरते. कडबा नको, टोचतो. उसाचं पाचटही नको, पात्याच्या कडा कापतात. वाकळ घालायची तर घराच्या आत. पडवीत ती दवानं ओलसर होते आणि ओली वाकळ फरशीपेक्षा वाईट.

पारख सोपी आहे. सकाळी कुत्रं उठलं की लगेच पिंजरात तळापर्यंत हात घाला. कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक, ओलसर लागलं किंवा कुबट वास आला तर त्याच दिवशी बदला. दबून सपाट झालं तरी बदला. गोचीड बघायला विसरू नका, ती पिंजरात आणि फळीच्या फटीत बसते. खोकं आठवड्यातून एकदा उन्हात उपडं घाला.

राहिला स्वेटर. केस गळणं स्वेटरमुळं नसतं. पण काखेत घट्ट बसला तर घासून तिथले केस जातात हे मी बघितलंय, मेसेजवाल्यानं बहुधा तेच बघितलं असावं. आपल्याकडं दुपारी ऊन चांगलं तापतं, तेव्हा दिवसभर अंगावर ठेवलात तर कुत्रं धापा टाकेल. भिजला की लगेच काढायचा. पिल्लू, म्हातारं, आजारी किंवा बसून असलेलं कुत्रं, यांना सकाळ-संध्याकाळ घाला. धावणाऱ्या तरण्या कुत्र्याला गरज नाही.

माप घेताना मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ आणि छातीचा सर्वांत रुंद घेर, दोन्ही मोजा. बाजारातला स्वेटर पाठीला बसतो आणि मुधोळीच्या खोल छातीला आवळतो. गळ्यात आणि काखेत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नर असेल तर पोटाखाली आखूड ठेवा, नाहीतर मुतानं भिजेल.

आत्यानं नातवाच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या चार-चार बोटं ठेवून कापल्या आणि चंद्रीला घातला, झकास बसला. मी रात्री काढून ठेव म्हटलं, ती म्हणाली राहू दे, गोड दिसतंय. सकाळी उजवी बाही अर्धी गायब होती आणि डावीतून पिल्लाचा पाय बाहेर येऊन गळ्याशी अडकला होता. आता तो संध्याकाळी आठला उतरतो आणि खुंटीला लागतो.