गाळलेल्या नावांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

चाकणच्या एका कारखान्याच्या उद्घाटनाचं मराठी प्रसिद्धीपत्रक मी इटालियनमध्ये कसं नेलं, यावर एक लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया आणि माझं उत्तर.

प्रतिक्रिया:
"लेख वाचला. मूळ प्रसिद्धीपत्रकातला निम्मा मजकूर गाळायचा आणि त्याला भाषांतर म्हणायचं, हा प्रामाणिकपणा नाही. मान्यवरांची नावं गेली, 'माननीय'साठी 'ओनोरेवोले' असा सरळ शब्द असताना तोही नाही, जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांचे आभारही गेले. वर ४५० कोटींचे '४,५ मिल्यार्दी' केलेत, म्हणजे साधा स्वल्पविरामही चुकला. युरोचा दर कुठला धरला तेही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं हेच काम करता म्हणता, तर जरा जबाबदारीने लिहा."

उत्तर:

युरोच्या दराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. हिशेब वाचणाऱ्याला सोपा जावा म्हणून मी एका युरोला शंभर रुपये धरले आणि ४५० कोटींचे साडेचार कोटी युरो, म्हणजे इटालियन पद्धतीने ४५ मिल्योनी, असे लिहिले. आकडा ढोबळ आहे, तसं तिथेच सांगायला हवं होतं. ते राहिलं. आज लेखात दुरुस्ती केली आहे.

पण एवढ्यासाठी 'प्रामाणिकपणा' हा शब्द काढायची गरज नव्हती. चूक दिसली तर चूक दाखवावी. समोरच्याच्या हेतूवर शंका घेण्याआधी माणसाने त्याचा लेख निदान शेवटपर्यंत वाचावा. तुम्ही तो वाचलेला नाही, हे स्वल्पविरामाच्या वाक्यावरूनच कळतं. इटालियनमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविरामाने देतात आणि हजार पूर्णविरामाने तोडतात. ४५० कोटी रुपये म्हणजे साडेचार अब्ज रुपये, आणि ते तिकडे '४,५ मिल्यार्दी' असंच लिहिलं जातं. उलट मराठीतला '१,२०० रोजगार' जसाच्या तसा उचलला, तर तिकडचा वाचक तो 'एक पूर्णांक दोन दशांश' असा वाचेल. हे त्याच लेखात दोन परिच्छेद खाली लिहिलं आहे.

हे काम मी अठरा वर्षं करतोय. इटलीत पेरुज्याला परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात भाषा शिकलो, तेव्हा खोलीचं भाडं भागवायला रात्री एका खानावळीत भांडी घासत होतो. सकाळी कट्ट्यावर पडलेलं कालचं वर्तमानपत्र वाचून इटालियन बातमी कशी उभी राहते ते शिकलो. त्यानंतर यंत्रांची माहितीपत्रकं, करार आणि प्रसिद्धीपत्रकं मिळून किती केली ते मोजलेलं नाही. या सगळ्यात कुणाच्या तोंडचं एक वाक्य मी बदललेलं नाही. म्हणून तो शब्द लागला, आणि म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

पत्रकाचं पहिलं वाक्य पुन्हा समोर ठेवतो. नावं लेखातही काढली होती, इथेही काढतो.

"चाकण, दि. १२ : राज्याचे उद्योगमंत्री मा. ना. श्री. … यांच्या शुभहस्ते व जिल्ह्याचे पालकमंत्री मा. ना. श्री. … यांच्या प्रमुख उपस्थितीत, खासदार, आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच व पंचक्रोशीतील मान्यवरांच्या साक्षीने … कंपनीच्या अत्याधुनिक हायड्रॉलिक प्रकल्पाचे उद्घाटन मोठ्या उत्साहात संपन्न झाले."

यात बातमी कुठे आहे? शेवटच्या आठ-नऊ शब्दांत. त्याआधीचं सगळं व्यासपीठ आहे. मराठी वाचकाला त्या व्यासपीठातून पुष्कळ कळतं, हे मीही जाणतो. पालकमंत्री आले का, सरपंचांचं नाव आमदारांनंतर किती अंतरावर आलं, कोणाचं नाव राहिलं, यावरून चाकणमधला माणूस कारखान्याचं गावाशी कसं जमलंय ते ओळखतो. नावांचा क्रम चुकला तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला फोन येतात. ही नावं मराठी पत्रकात फालतू नाहीत, असं मी लेखात लिहिलं होतं आणि पुन्हा लिहितो.

पण हे पत्रक ज्याच्यासाठी इटालियनमध्ये जाणार होतं तो वाचक कोण? मूळ कंपनी उत्तर इटलीतल्या एमिलियाची. रेज्जो एमिलिया आणि मोदेना या पट्ट्यात ट्रॅक्टरचे, क्रेनचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राचं उद्योगाचं पान वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: आपल्या गावची कंपनी भारतात किती पैसे घालतेय, आणि त्यामुळे इथलं काम तिकडे जाणार का. त्याच्यापुढे पहिल्या वाक्यात अकरा नावं ठेवली तर तो दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचत नाही. त्याआधी संपादकच ते पत्रक बाजूला टाकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात मी तुम्ही म्हणता तसंच भाषांतर केलं होतं. सगळी नावं, सगळी पदं, 'शुभहस्ते' आणि 'दीपप्रज्वलन' यांच्यासह, शब्दाला शब्द. मूळ पत्रकात नुसतं 'उद्योगमंत्री' होतं, मीही नुसतं 'मिनिस्त्रो देल्लिंदुस्त्रिया' लिहिलं. एका नियतकालिकाने त्या दोन पानांतल्या तीनच ओळी छापल्या, आणि त्यात होतं की कारखान्याचं उद्घाटन भारत सरकारच्या मंत्र्यांनी केलं. इटलीत मंत्री म्हटलं की रोममधला मंत्री. प्रांताला मंत्री नसतो, तिथे 'आस्सेस्सोरे' असतो. कंपनीला खुलासा पाठवावा लागला, आणि त्या कंपनीने मला पुन्हा काम दिलं नाही. त्या भाषांतरात मी एक शब्दही गाळला नव्हता. तरी वाचणाऱ्यापर्यंत खोटी माहिती गेली.

तेव्हापासून मी 'महाराष्ट्र राज्याचे उद्योगमंत्री' असं पूर्ण लिहितो, पत्रकात 'राज्याचे' नसलं तरी. हीच भर तुम्हाला खटकली असती तर त्यावर बोलण्यात अर्थ होता. पालकमंत्र्यांसाठी इटालियनमध्ये शब्दच नाही. लिहायचं तर 'या जिल्ह्याची जबाबदारी असलेले राज्याचे मंत्री' एवढं उलगडावं लागतं, आणि ते बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या वाक्यात बसतं, पहिल्यात नाही. मी त्यांना तिथेच ठेवलं होतं. म्हणजे दोन्ही मंत्री बातमीत आहेत. बाकीची नावं जोडपत्रात गेली, आणि ते जोडपत्र कंपनीला सोबत दिलं. हेही लेखात आहे.

आता 'ओनोरेवोले'. शब्दकोशात 'माननीय' पाहिलं की हा शब्द सापडतो, हे खरं. पण इटलीत 'ओनोरेवोले' म्हणतात ते मुख्यतः तिथल्या लोकसभेच्या, म्हणजे 'कामेरा'च्या, सदस्याला. सिनेटच्या सदस्याला 'सेनातोरे' म्हणतात. आपल्या राज्याच्या मंत्र्याला ते लावलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हे इटलीचे कुणी खासदार चाकणला गेले होते. आदर दाखवायला गेलो आणि माणूसच बदलला. तिकडच्या बातमीत पद आणि नाव एवढंच येतं. त्यात कुणाचा अपमान होत नाही, पंतप्रधानांनाही तसंच लिहितात.

मग बातमीची सुरुवात कशी झाली, तेही पाहा. इटालियन पत्रकार पहिल्या वाक्याला 'आत्ताक्को' म्हणतो. चाकण कुणाला माहीत नाही म्हणून 'भारतात, पुणे शहराच्या वेशीवर' हे आलं. 'प्रकल्प'साठी 'स्ताबिलिमेंतो' आलं, कारण उभ्या, चालत्या कारखान्याला उद्योगाच्या पानावर तोच शब्द आहे, 'प्रोजेत्तो' म्हटलं तर अजून कागदावरच आहे असं वाटतं. 'हायड्रॉलिक'ला 'इद्राउलिको' लिहिलं असतं तर वाचकाला नळ आणि पाइप आठवले असते, कारण 'इद्राउलिको' म्हणजे प्लंबर. ट्रॅक्टरच्या पंपाच्या धंद्याला एमिलियात 'ओलेओदिनामिका' म्हणतात, आणि मोदेनाच्या वाचकासमोर हा शब्द चुकला तर पुढचं काहीच तो गांभीर्याने घेत नाही.

रोजगाराच्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पत्रक म्हणतं, "प्रत्यक्ष ४०० व अप्रत्यक्ष १,२०० रोजगार निर्माण होणार आहेत." मी लिहिलं: 'आ रेजिमे, सेकोंदो लाद्झिएंदा, दारा लावोरो आ ४०० पेर्सोने', म्हणजे पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे, ४०० जणांना काम मिळेल. पुढे 'इन्दोत्तो'त आणखी १.२००. 'इन्दोत्तो' म्हणजे कारखान्याच्या आसऱ्याने चालणारे पुरवठादार, वाहतूकदार, कॅन्टीनवाले, थोडक्यात आपला 'अप्रत्यक्ष'. 'आ रेजिमे' मी कंपनीला विचारून टाकलं. पहिल्या वर्षी एकच पाळी चालणार होती आणि ४०० हा आकडा तीन पाळ्यांचा होता. 'कंपनीच्या सांगण्याप्रमाणे' नसतं तर तो आकडा वर्तमानपत्राने स्वतः तपासून दिला असा अर्थ झाला असता. त्याच जागी 'दारेब्बे' हे क्रियापदाचं रूप घातलं असतं तर उलटी चूक झाली असती. इटालियन बातमीत ते रूप आलं की वाचक समजतो, ही ऐकीव गोष्ट आहे, खात्री नाही. कंपनीने लेखी दिलेल्या आकड्यावर मी असा संशय टाकू शकत नाही. भविष्यकाळ ठेवायचा आणि कोण बोलतंय ते सांगायचं, एवढीच माझी हद्द.

आणि मंत्र्यांचं वाक्य. "हा प्रकल्प जिल्ह्याच्या विकासातील मैलाचा दगड ठरेल" हे ते बोलले. इटालियनमध्येही मैलाचाच दगड आहे, 'प्येत्रा मिल्यारे'. तिकडच्या पत्रकाराला हा शब्द झिजलेला वाटतो आणि मलाही वाटतो. तरी तो जसाच्या तसा अवतरणचिन्हांत ठेवला, कारण अवतरणाच्या आतलं माझं नाही. 'मोठ्या उत्साहात संपन्न' मी काढू शकतो, ते पत्रक लिहिणाऱ्याचं आहे. कुणाच्या तोंडचं वाक्य सुधारू शकत नाही. अप्रामाणिक म्हणायचंच होतं तर तुम्ही इथे शोधायला हवं होतं. इथे काही सापडलं नसतं.

शेतकऱ्यांचे आभार पत्रकाच्या शेवटच्या ओळीत होते, आणि इटालियन संपादक जागा कमी पडली की खालूनच कापतो. तिकडच्या पानावर ते टिकलं नसतं. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

जबाबदारीने लिहा, असं तुम्ही मला सांगता. मी नावानिशी लिहितो, चूक झाली तर तारखेसह दुरुस्त करतो. तुम्ही नाव न देता लिहिलं आहे. तो तुमचा हक्क आहे, पण मग सूर थोडा खाली ठेवा. तुम्ही स्वतः हे पत्रक इटालियनमध्ये केलंत तर पाठवा, लेखाखाली पूर्ण छापेन, एक शब्दही न कापता. युरोच्या दराची ओळ लेखात टाकली आहे. 'ओनोरेवोले' टाकणार नाही.