‘डेटा डिलीट करा’ म्हणजे बिलंही पुसायची? खुलासा

“ग्राहकाने डेटा डिलीट करा असं लिहून दिलं की नव्या कायद्याने बिलांसकट सगळं पुसावंच लागतं, नाहीतर दंड.”

व्यापाऱ्यांच्या ग्रुपांत फिरणारा हा मेसेज अर्धवट आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चं कलम १२ पुसण्याचा हक्क देतं, पण दुसऱ्या कायद्यासाठी ठेवणं भाग असलेली माहिती त्यातून वगळतं. (शिवाय या कलमाचा अंमल मे २०२७ पासून आहे.) जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे जून २०२३ चं बिल, विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४, तर ते ३१ डिसेंबर २०३० पर्यंत राहणार.

बिलाची ही सवलत जाहिरातीच्या यादीला मात्र लागू नाही. वाढदिवस, आवडनिवड, ऑफरसाठी घेतलेला नंबर पुसायचाच. चूक बहुधा इथे होते: दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून नाव जातं, पण एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीकडे यादी तशीच राहते आणि दिवाळीला पुन्हा मेसेज जातो. एजन्सीलाही लेखी कळवा.

ओळख पटवायला नव्याने आधारची प्रत मागू नका, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पुरे. मग असं उत्तर द्या:

“आपला नंबर, वाढदिवस व खरेदीच्या आवडीची नोंद आम्ही व आमच्या एसएमएस एजन्सीने पुसली आहे. जून २०२३ चं बिल जीएसटी कायद्यामुळे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवू. जाहिरातीसाठी वापरणार नाही.”

जुना मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका आणि तो थांबवा.