भाडे आधी की फोटो आधी?

खोली भाड्याने देण्याच्या पत्रकात भाड्याचा आकडा शीर्षकाखालीच छापावा आणि सोयी साध्या, नेमक्या शब्दांत लिहाव्यात, असे मी सुचवले होते. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “भाड्याचा आकडा शीर्षकाखालीच छापा, हे पटले नाही. आकडा पाहूनच माणूस पुढे जाईल. आधी खोलीचे फोटो दिसू द्यावेत, भाड्याचे फोनवर बोलता येते. शिवाय सोयींचे वर्णन आपण फारच कोरडे करायला सांगता.”

उत्तर:

आकडा पाहून जो पुढे जातो, तो फोनवर तोच आकडा ऐकूनही फोन ठेवणारच असतो. फरक इतकाच की मधल्या काळात आपली आणि त्याची पाच-पाच मिनिटे जातात. माझ्या पहिल्या पत्रकावर मी भाडे छापले नव्हते. फोन भरपूर आले आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न “भाडे किती?” हाच होता. मात्र नुसता आकडाही अपुरा असतो. वीज-पाणी त्यात धरले आहे का आणि अनामत किती महिन्यांची, हे त्याच ओळीत आले नाही, तर स्वस्त वाटलेली खोली बघायला आलेला माणूस दारातून परत फिरतो.

फोटोंच्या बाबतीत आपले म्हणणे अर्धे मान्य आहे. पत्रक मोबाईलवरून पाठवायचे असेल, तर फोटो वर घ्यावा. फलकावर लावायच्या ए-४ कागदाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो बहुधा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघतो आणि त्यात खोलीचे कोपरे काळवंडतात. तीन छोट्या फोटोंऐवजी दिवसाच्या उजेडात, दाराजवळच्या कोपऱ्यातून खिडकीसह घेतलेला एकच फोटो निम्म्या रुंदीत छापावा आणि सगळ्या प्रती काढण्यापूर्वी एक झेरॉक्स काढून पाहावी. तीत पलंग आणि भिंत वेगळी ओळखू येत नसेल, तर तो फोटो गाळून तिथे “१० बाय १२ फूट, पूर्वेला खिडकी” असे लिहिलेले बरे.

कोरडेपणाचा आरोप मात्र मी आनंदाने स्वीकारतो. माझ्या त्याच पत्रकात “सर्व सोयींनी युक्त, हवेशीर, प्रशस्त खोली” अशी ओळ होती, आणि तिच्यातून स्वच्छतागृह स्वतंत्र आहे की सामाईक, हेही कळत नव्हते. पुढच्या वेळी मी ती बदलून “स्वच्छतागृह सामाईक (दोघांत एक), स्वयंपाकाची मुभा, दुसरा मजला, लिफ्ट नाही” असे लिहिले. ज्या बाबीवरून माणूस खोली नाकारू शकतो ती आधी यावी. पलंग, कपाट, पंखा त्यानंतर.

संपर्क क्रमांक तळाशीच ठेवावा, पण फाडून नेता येतील अशा उभ्या पट्ट्यांवर. ए-४ कागदाच्या २१ सेंटिमीटर रुंदीत दहा पट्ट्या बसतात, आणि त्या आधीच कात्रीने सुट्या केलेल्या असाव्यात, नाहीतर ओढताना अर्धा कागद हातात येतो. प्रत्येक पट्टीवर क्रमांकाबरोबर “खोली”, भाडे आणि फोन करण्याची वेळ हवी; दोन दिवसांनी खिशात सापडलेला नुसता क्रमांक कोणाचा, हे कोणालाच आठवत नाही.