हॅम्बुर्गकरांचा पंधरा ऑगस्ट

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता. सोसायटीच्या झेंडावंदनाची जिलबी खाऊन मी कोथरूडच्या घरात लोळत पडले होते, त्या वेळी हॅम्बुर्गमध्ये आमचा एक सहकारी साप्ताहिक मीटिंगला एकटाच बसला होता. कॅमेरा चालू, कॉफी समोर. पंचवीस मिनिटं वाट पाहून त्यानं इतिवृत्त लिहिलं आणि सगळ्यांना पाठवलं: "उपस्थित: मी. मुद्दे: नाहीत. निर्णय: नाहीत. पुढील मीटिंग: पुढच्या शुक्रवारी, बहुधा."

त्यातला 'बहुधा' माझ्यासाठी होता, कारण टीमचं कॅलेंडर मी सांभाळते.

टीम छोटी आहे. पुण्यात आम्ही सहा जण आणि म्युनिक, हॅम्बुर्ग व ओसाका इथं दोन-दोन. आडनावांचे उच्चार कुणालाच जमत नसल्यामुळे आम्ही पुणेकरांनी आपसात त्यांना गावावरून हाक मारायला सुरुवात केली: म्युनिककर, हॅम्बुर्गकर, ओसाकाकर. आता तर मेलमध्येही चुकून तसंच लिहिलं जातं आणि त्यांना तो काहीतरी मान आहे असं वाटतं. त्या आठवड्यात हॅम्बुर्गचा दुसरा माणूस रजेवर होता, म्हणून हा एकटा.

झालं असं होतं, की मी फोनमधल्या कॅलेंडरमध्ये 'जर्मनीच्या सुट्ट्या' नावाची तयार यादी जोडून घेतली होती. पंधरा ऑगस्टला तिथं सुट्टी दिसत होती. आपला स्वातंत्र्यदिन आणि त्यांचीही सुट्टी, काय योग! सगळेच घरी आहेत तर मीटिंग रद्द केल्याचं वेगळं कळवायचं कशाला, असा मी सूज्ञ विचार केला.

सोमवारी म्युनिककर बाईंनी मला शांतपणे समजावलं. जर्मनीत सुट्ट्या बऱ्याच अंशी राज्यांच्या असतात. देशभर एकच अशा मोजक्या. पंधरा ऑगस्ट हा मारियाच्या स्वर्गारोहणाचा कॅथलिक सण, म्हणून म्युनिकला सुट्टी. हॅम्बुर्ग प्रोटेस्टंट, तिथं कामाचा दिवस. बरं, म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथंही ही सुट्टी सरसकट नाही. ज्या गावात कॅथलिक वस्ती जास्त, त्याच गावाला ती मिळते. आणि ऑग्सबुर्ग नावाच्या एका शहराला ८ ऑगस्टची सुट्टी असते, ती फक्त त्या शहराच्या हद्दीत.

मी म्हटलं, "म्हणजे जत्रा."

"काय?"

"ग्रामदेवतेची जत्रा. गावाला सुट्टी, शेजारच्या गावाला शाळा."

त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या. 'जर्मनी' असा रकाना ठेवून चालत नाही, माणूस ज्या गावात बसतो त्या गावाचा रकाना लागतो, हे मला ऑग्सबुर्गच्या जत्रेनं शिकवलं. दोन्हीकडची सुट्टी वेगळी हवी म्हणून मी यादीतली 'जर्मनी' खोडली आणि म्युनिक, हॅम्बुर्ग असे दोन रकाने पाडले.

आता प्रश्न असा, की त्या शुक्रवारी ओसाकाकर कुठे होते? जपानच्या सरकारी यादीत पंधरा ऑगस्ट नाही. तरी दोघेही गायब. कारण तो ओबोनचा आठवडा. ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच समजा, फक्त तीन-चार दिवसांत आटोपणारा. पितर घरी येतात, म्हणून माणसंही मूळगावी जातात आणि गाड्या तुडुंब भरतात. ही सुट्टी कुठल्याही यादीत नसते आणि ऑफिसात कुणी नसतं. मी जुलैत ओसाकाकरांना विचारलं होतं, त्या शुक्रवारी जमेल का? त्यांनी लिहिलं होतं, "थोडं कठीण आहे." मला वाटलं, थोडं कठीण म्हणजे थोडे प्रयत्न करतील. तिकडे 'थोडं कठीण' याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे 'बघू' म्हणतात तसंच की, मग मला का नाही कळलं?

तेव्हापासून मी कॅलेंडरात दोन रंग ठेवले. लाल म्हणजे ऑफिसला कुलूप. राखाडी म्हणजे ऑफिस उघडं, पण माणसं नाहीत. राखाडी दिवस कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, तो प्रत्येक गावाच्या माणसाला विचारूनच भरावा लागतो. प्रश्नही नेमका विचारावा लागतो. "सुट्टी आहे का?" असं विचारलं तर जर्मन माणूस प्रामाणिकपणे नाही म्हणतो आणि जोडून रजा टाकून डोंगरात जातो. "त्या दिवशी रात्री काही बिघडलं तर फोन कोण उचलेल?" असं विचारलं की खरं उत्तर येतं.

या तयारीनिशी मी ऑक्टोबरला हात घातला. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्या महिन्यात ग्राहकांकडे जायची होती. अट साधी होती: एक दिवस रंगीत तालीम, दुसऱ्या दिवशी आवृत्ती बाहेर, आणि पुढचे तीन दिवस दुरुस्तीसाठी चारही गावं जागेवर. म्हणजे सलग पाच दिवस. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवार-रविवार सोडून २३ दिवस होते. तेवीसात पाच मिळणार नाहीत?

पेन घेऊन बसले. २ तारखेला गुरुवारी गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी, म्हणजे पुण्याला कुलूप (आणि एक सुट्टी बुडाली, त्याचं दुःख वेगळं). ३ ला जर्मनीचा एकीकरण दिन, तो देशभर. १३ ला सोमवारी जपानचा क्रीडा दिन. २१ आणि २२ ला आमची लक्ष्मीपूजन-पाडव्याची सुट्टी. ३१ ला हॅम्बुर्गचा धर्मसुधारणा दिन. त्या दिवशी म्युनिक कामावर. म्युनिकची सुट्टी दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, पण तो शनिवार निघाला. जर्मनीत शनिवार-रविवारी आलेली सुट्टी गेली ती गेलीच. जपानमध्ये रविवारी आली तर पुढे बदली मिळते. म्युनिककर बाई हे सांगताना प्रथमच भावनावश झाल्या.

सहा दिवस लाल झाले, सतरा उरले. मग राखाडी रंग काढला, आणि इथं आमच्याच घरात भांडण लागलं.

"दिवाळी कधी?" हॅम्बुर्गकरांनी विचारलं.

मी म्हटलं, "२१ ला."

आमच्याच टीममधला लखनौचा मुलगा म्हणाला, "२० ला."

हॅम्बुर्गकर म्हणाले, "एकाच देशात?" पंधरा ऑगस्टचा सूड घ्यायची याहून चांगली संधी त्यांना मिळाली नसती. अमावास्या २० च्या दुपारी लागत होती आणि २१ च्या संध्याकाळी संपत होती. उत्तरेत बहुतेकांनी २० ची रात्र धरली, महाराष्ट्रानं २१. मी हे चंद्राचं प्रकरण जरा शरमतच सांगितलं. पण हॅम्बुर्गकर एकदम खुलले. म्हणाले, ईस्टर तरी कुठं वेगळा? वसंतात २१ मार्च धरून पुढे जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. त्यावरून मागेपुढे मोजत मे-जूनपर्यंतच्या त्यांच्या चार-पाच सुट्ट्या ठरतात. ओसाकाकरांनीही हळूच भर घातली, की जपानच्या दोन सुट्ट्या विषुवदिनांवर अवलंबून असतात आणि वेधशाळेच्या गणितानुसार त्यांच्या तारखा आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत राजपत्रात जाहीर होतात. म्हणजे आम्ही सगळेच पंचांगवाले निघालो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून म्हणाल्या, "मग यांना एकेक पाठवून दे."

शेवटी २० राखाडी, भाऊबीजेचा २३ राखाडी, २४ लाही कुणी येणार नव्हतं म्हणून तोही राखाडी. चौदा दिवस उरले. पण सुटे चौदा दिवस काय कामाचे? आम्हाला सलग पाच हवे होते. १४ ते १७ चारच, त्यातही १७ ला वसुबारस, पुणेकर दुपारीच बसस्टँडवर. २७ ते ३० पुन्हा चार. सलग पाच मिळाले ते फक्त ६ ते १०. सोमवारी ६ ला तालीम, मंगळवारी ७ ला आवृत्ती. तेवीस दिवसांत एक मुहूर्त. लग्नाच्या कार्यालयालासुद्धा इतकी टंचाई नसते. ६ ला कोजागिरी होती, पण ती रात्री, आणि मसाला दूध पिऊन मंगळवारी काम करता येतं, असा निर्वाळा मी सगळ्यांच्या वतीनं दिला.

७ तारीख नीट पार पडली. एकच घोळ झाला. ओसाकाकरांनी १३ ची सुट्टी 'पूर्ण दिवस' न लिहिता रात्री बारा ते रात्री बारा अशी वेळ घालून टाकली होती. जपानचं घड्याळ आमच्या साडेतीन तास पुढे. त्यामुळे माझ्या कॅलेंडरात त्यांची सुट्टी रविवारी रात्री साडेआठला सुरू होऊन सोमवारी साडेआठला संपत होती, आणि हॅम्बुर्गकरांच्या पडद्यावर ती रविवारी संध्याकाळी पाचला. त्यांनी मला विचारलं, जपानमध्ये सण सूर्यास्तापासून धरतात का? मी सरळ हो म्हणणार होते.

काही गोष्टींना मात्र कुठलाही रंग पुरत नाही. त्याच सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सरकारी सुट्टी ५ तारखेला होती. ६ ला अनंत चतुर्दशी, म्हणून सरकारनं ऐन तोंडावर ती ८ ला हलवली, तीही फक्त मुंबई शहर आणि उपनगरांसाठी. हॅम्बुर्गकरांना मी हे सांगितलंच नाही. माझा मुद्दाच संपला असता.

या वर्षीचं कॅलेंडर मी डिसेंबरातच भरायला घेतलं. चार रकाने, दोन रंग, प्रत्येक गावाची सही. ८ नोव्हेंबरला रविवारी लक्ष्मीपूजन लिहिलं, तेव्हा हॅम्बुर्गकरांनी लगेच पकडलं, गेल्या वर्षी ऑक्टोबर होता. मी सांगितलं, या वर्षी अधिक महिना आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणून पुढचे सगळे सण उशिरा.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या जवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "हा जास्तीचा महिना सगळ्यांना आहे, की फक्त पुण्याला?"