आधी १० की आधी २०? एकावर एक लागणाऱ्या सवलतींवरच्या माझ्या लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "सर, २० अधिक १० म्हणजे २८ टक्के, हे पटलं. पण कोणती सवलत आधी लावली याने फरक पडत नाही, हे तुम्ही साफ चुकीचं लिहिलंय. मी चाटी गल्लीत २४०० रुपयांची इरकल घेत होते, तर दुकानदाराने आधी १० टक्के कापले, मग २०. मोठी सवलत कमी रकमेवर आली. माझे ४८ रुपये गेले. अर्धवट लिहून लोकांची दिशाभूल करू नका."

ताई, नमस्कार. तुमच्या ४८ रुपयांचा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला. तुमचा आकडा बरोबर आहे, पण तुम्ही बिलाची एकच ओळ पाहिली आहे.

दुकानदाराने केलं तसंच करू. २४०० चे १० टक्के म्हणजे २४०, उरले २१६०. त्याचे २० टक्के ४३२, उरले १७२८. आता तुमच्या मनासारखं करू. २४०० चे २० टक्के ४८०, उरले १९२०. त्याचे १० टक्के १९२, उरले पुन्हा १७२८.

२० टक्क्यांच्या ओळीत तुम्हाला ४८० ऐवजी ४३२ मिळाले, तिथे ४८ गेले हे खरंच. पण १० टक्क्यांच्या ओळीत १९२ ऐवजी २४० मिळाले, म्हणजे तेच ४८ परत आले. जी सवलत आधी लागते ती पूर्ण किमतीवर मिळते आणि नंतरची आखडते. १० टक्के मागे ढकलले असते तर ते आखडले असते.

दोन्हीकडे नेमके ४८च का, हे पाहण्यासारखं आहे. २४०० चे १० टक्के २४० आणि त्या २४० चे २० टक्के ४८. उलटं करा, ४८० चे १० टक्के, तरी ४८च. जो भाग एका सवलतीने आधीच वजा झाला, त्यावर दुसरी सवलत लागत नाही. सरळ ३० टक्के सूट असती तर ७२० सुटले असते, तुम्हाला ६७२ सुटले. हा फरकसुद्धा त्याच ४८ चा आहे.

मी स्वतः कापलेल्या रकमेऐवजी उरलेली रक्कम धरतो. २० टक्के सूट म्हणजे शंभरातले ८० द्यायचे, मग १० टक्के सूट म्हणजे त्या ८० चे ९० टक्के, म्हणजे ७२. उलट क्रमाने ९० चे ८० टक्के, तेही ७२. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, मग इथे कसं बदलेल? चाटी गल्लीतल्याच एका जुन्या दुकानदाराने मला हे आपल्या सोलापुरी थाटात सांगितलं होतं, "कसंबी कापा की ओ, आकडा तोच येतोय!"

खरा घोटाळा दोन टक्के जोडून बघण्यात होतो, आणि टक्के मोठे असले की तो वाढतो. पाटीवर "५० + ४०" असेल तर मनात ९० येतं. २४०० ची साडी २४० ला मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात १२०० होतात, मग त्यातले ४८० जाऊन ७२० द्यावे लागतात. सूट झाली ७० टक्के.

तरीही तुमच्या शंकेत एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लेखात लिहायला हवी होती. दोन्ही सवलती टक्क्यांत असतील तर क्रमाने फरक पडत नाही. एक टक्क्यांत आणि एक ठरावीक रुपयांत असेल तर पडतो. समजा त्याच साडीवर १० टक्के सूट आहे आणि तुमच्याकडे २०० रुपयांचं कूपन आहे. कूपन आधी वजा केलं तर २२००, त्यातून १० टक्के गेले की १९८०. टक्के आधी कापले तर २१६०, त्यातून २०० गेले की १९६०. वीस रुपयांचा फरक, म्हणजे बरोबर २०० चे १० टक्के.

माझे असे वीस रुपये गेलेत. काउंटरवरच्या मुलाने कूपन आधी टाकलं, मी पिशवी उचलली आणि घरी येऊन बिल पाहिलं. टक्क्यांची सूट २४० हवी होती, तिथे २२० लिहिले होते. टक्क्यांपुढची रक्कम छापील किमतीच्या हिशोबाने कमी दिसली, तर कूपन आधी गेलं असं समजा. म्हणून बिल निघायच्या आतच सांगायचं, "आधी टक्के कापा, मग कूपन." अर्थात योजनेच्या अटीत क्रम छापलेला असेल, तर तोच लागू होणार.

आणखी एक, रुपयाभराचा. प्रत्येक टप्प्यावर रक्कम पूर्ण रुपयात केली तर क्रमाने एखादा रुपया इकडेतिकडे होतो. ९९५ च्या वस्तूवर आधी २० टक्के कापले तर ७९६, मग ७१६ रुपये ४० पैसे, म्हणजे ७१६. आधी १० कापले तर ८९५ रुपये ५० पैसे, त्याचे केले ८९६, मग ७१६ रुपये ८० पैसे, म्हणजे ७१७. तुमच्या इरकलीत कुठेच पैसे आले नाहीत, त्यामुळे तिथे हाही फरक नाही.

बिल अजून जवळ असेल तर शेवटची रक्कम तेवढी पाहा. १७२८ असेल तर तुमचा एक रुपयाही गेलेला नाही. त्याहून जास्त असेल तर दुकानात जाऊन जरूर विचारा. कूपनाचा भाग मी आज मूळ लेखात घालतो आहे.